बयाण्याची एफडीआर किती दिवसांची काढायची?

राजेहो, मले विषय दिला होता 'बयाणा जप्त केव्हा होतो', तो सांगतोच, पण आधी दुसरं बोलू द्या, कारण आपल्या तालुक्यातल्या बारक्या कंत्राटदारायचे टेंडर दरापेक्षा तारखेवर जास्त जातात.

आपल्याच एका भावाचं सांगतो. पांदण रस्त्याचं काम, अंदाजपत्रक ४० लाख, बयाणा २ टक्के, म्हणजे ८०,००० रुपये. मराठी निविदेत लिहिलेलं, 'बोली सुरक्षा ही बोलीच्या वैधतेपलीकडे ४५ दिवस वैध असावी'. आता बोली सुरक्षा म्हणजे आपला बयाणाच, हे त्याले समजलं, पण बाकी वाक्यातून त्यानं ४५ दिवस एवढंच उचललं, अन् म्हणाला दुप्पट देऊ, झंझटच नको, म्हणून ८ जुलैले ९० दिवसांची एफडीआर काढली, मुदत ६ ऑक्टोबर.

अन् वैधता कुठं लिहिली होती? भलत्याच पानावर, 'निविदा सादर करण्याच्या अंतिम दिनांकापासून १२० दिवस'. शेवटची तारीख १० जुलै. तिथून १२० दिवस म्हणजे ७ नोव्हेंबर, त्याच्यापुढं आणखी ४५, म्हणजे २२ डिसेंबर. एफडीआर तिथपर्यंत जिवंत पाहिजे होती. पहिला लिफाफा उघडला, बयाण्याची मुदत कमी, अपात्र. दराचा लिफाफा उघडलाच नाही. भाऊ भांडाले गेला तर त्याले पुढचं कलम दाखवलं, मराठी अन् इंग्रजीत फरक पडला तर इंग्रजी प्रत ग्राह्य, अन् इंग्रजीत हेच सरळ लिहिलेलं होतं.

मले राग याचा येते, की तारीख मोजणं हपिसाले दोन मिनिटाचं काम आहे. 'बयाणा २२ डिसेंबरपर्यंत वैध असावा' एवढंच छापा ना! प्री-बिड मीटिंग असली तर हेच विचारा, अन् उत्तर लेखी मागा. आणखी एक, शुद्धिपत्रक निघून शेवटची तारीख १५ दिवस पुढं गेली की तुमचा २२ डिसेंबर ६ जानेवारी होते, आधी काढलेली एफडीआर तोकडी पडते. पोर्टलवर शुद्धिपत्रक रोज पाहत जा.

घड्याळ दाखवू राहिले, तर जप्तीचं पटकन सांगतो. वैधतेच्या आत बोली मागं घेतली किंवा दर बदलला, काम मिळून करार केला नाही किंवा सुरक्षा ठेव भरली नाही, की सहसा बयाणा जाते. काम दुसऱ्याले गेलं तर जप्ती नाही, पैसे परत भेटतात. सुरक्षा ठेव वेगळी आहे, ते काम मिळाल्यावर भरायची. काही निविदांत दोन्हीले 'अनामत' लिहितात, तर कधी भरायची अन् किती टक्के हे पाहूनच ओळखा. अन् उद्यम प्रमाणपत्र आहे म्हणून बयाणा माफ असं धरू नका, बांधकामाच्या निविदेत सूट लिहिली असंन तरच.