४.४ स्टार, पण लिफ्ट बंद!

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात नाशिकहून माझी आत्या अंबाबाईच्या दर्शनाला येणार होती. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तिचं, त्यामुळं अट एकच: लिफ्ट पाहिजे. मंदिराजवळचा एक लॉज सापडला. ४.४ स्टार, साडेनऊशेच्या आसपास रिव्ह्यू, फोटो एकदम झकास. पैसे भरायच्या आधी मी काय काय बघितलं, ते आज दाखवतो.

(स्क्रीनवर: गुगल मॅप्स, रिव्ह्यूचं पान)

रिव्ह्यू उघडले की आधी Most relevant दिसतं. तिथं दोन वर्षांपूर्वीचा, कुणीतरी लांबलचक लिहिलेला रिव्ह्यूही पहिला येऊ शकतो. म्हणून Sort मध्ये जाऊन Newest करायचं. मी केलं, आणि चित्रच पालटलं. "लिफ्ट बंद, सामान तिसऱ्या मजल्यावर आम्हीच चढवलं." त्याखाली, "लिफ्टला पाटी लावलीय, कधी सुरू होणार कुणालाच माहीत नाही." चार महिन्यांत सहा वेगवेगळ्या लोकांनी हेच लिहिलेलं.

मग स्टार ४.४ च कसे? हिशोब करून बघू. समजा, जुने ९०० रिव्ह्यू आहेत, सरासरी ४.५. लॉज बिघडल्यावरचे ४० आहेत, सरासरी फक्त २.८. एकत्र केल्यावर येतात ४.४३. म्हणजे स्क्रीनवर ४.५ चं ४.४ झालं, बस. जितके जुने रिव्ह्यू जास्त, तितकी नवी पडझड आत मुरते.

आता गंमत बघा. लिफ्टच्या तक्रारींनंतर लगेच, एकाच आठवड्यात अकरा पाच स्टार. "अतिशय सुंदर, स्वच्छ, मनमिळाऊ स्टाफ, पुन्हा नक्की येऊ." खोली कुठली, गरम पाणी किती वाजता, गाडी कुठं लावली, एक अक्षर नाही. त्यातल्या एकाच्या नावावर टिचकी मारली. याच माणसानं त्याच आठवड्यात सुरतेतल्या दाताच्या दवाखान्याला आणि जयपूरच्या कोचिंग क्लासलाही पाच स्टार दिलेले! आणखी दोघांचंही तसंच.

पण घाई करू नका. ज्याच्या नावावर एकच रिव्ह्यू, तो खोटा असं नसतं. माझ्या आईच्या नावावरही एकच आहे, आणि तो मनापासून लिहिलेला आहे. खोटेपणाचा वास येतो तो तीन-चार गोष्टी एकत्र आल्यावर: तारखा चिकटलेल्या, शब्द तेच, तपशील शून्य, प्रोफाइल गावोगाव फिरणारं. आणि काही रिव्ह्यू खोटे नसतात, मागून घेतलेले असतात. काउंटरवर क्यूआर कोड, समोर मॅनेजर उभा. कोण दोन स्टार देणार? "अमुक भाऊंनी खूप मदत केली" असं स्टाफचं नाव घेणारे रिव्ह्यू ओळीनं दिसले, की मी ते जरा बाजूला ठेवतो.

माझा भर दोन आणि तीन स्टारवर असतो. एक स्टारवाला बऱ्याचदा चिडलेला असतो, कधी शेजारचा धंदेवालाही असतो. तीन स्टारवाला मात्र "खोली चांगली, पण..." असं लिहितो, आणि त्या "पण"मध्ये माल असतो. रिव्ह्यूत शोधायची सोय असते. तिथं lift टाका, "लिफ्ट"ही टाका, कारण आपली माणसं दोन्ही लिप्यांत लिहितात.

तक्रार कुठल्या महिन्यातली, हेही बघा. नवरात्रात "पार्किंग मिळालं नाही" म्हणून एक स्टार दिला, तर त्यात लॉजचा काय दोष? पन्हाळ्याला जुलैत जाऊन "धुक्यात काहीच दिसलं नाही, पैसे वाया" लिहिणारेही असतात. अहो, त्या धुक्यासाठीच निम्मं कोल्हापूर वर जातं! फक्त गुगल "वर्षापूर्वी" म्हणतं तेव्हा तो रिव्ह्यू जवळपास दोन वर्षांचाही असू शकतो, तिथं महिना कळत नाही.

शेवटी लॉजला फोन लावला. "लिफ्ट आहे का?" असं विचारायचं नाही, "आहे" हेच उत्तर येतं. मी विचारलं, "लिफ्ट आज चालू आहे का?" तिकडून, "पार्ट यायचाय सर, दोन दिवसांत होईल." दोन दिवसांत होईल हे वाक्य मी तीन महिन्यांपूर्वीच्या एका रिव्ह्यूतही वाचलं होतं.

मग ताराबाई पार्कात ४.१ वालं हॉटेल घेतलं. तिथल्या ताज्या तक्रारी दोनच: शनिवारी लग्नाच्या हॉलचा आवाज, आणि नाश्ता उशिरा. आत्या मंगळवारी येणार होती, म्हणजे आवाजाचा प्रश्न मिटला. मंदिराला रिक्षा करावी लागली, तेवढंच.

नाश्ता मात्र साडेनऊला आला. आत्याचा फोन, "तीन स्टार देऊ का रे?" म्हटलं, दे, पण लिफ्ट चालू होती हेही लिही, आणि कुठल्या महिन्यात राहिलीस तेही.