करारनाम्यातल्या चार जागा
(माहितीपटाचं निवेदन, अंतिम मसुदा)

दृश्य : रिकामा फ्लॅट. फरशीवर सिमेंटचे डाग. टेपचं टोक भिंतीला टेकतं.

"अहो, टेप सैल सोडू नका."

पुण्याच्या कडेला, अकरा मजली इमारतीतला हा टू बीएचके. नवरा-बायको दोघंही नोकरदार, मुलगी बारावीत. किल्ली हातात आली त्या दिवशी बाईंनी पूजेचं सामान आणलं होतं, पण पिशवीतून आधी टेप निघाली. मागे उभे आहेत ते ओळखीतले सिव्हिल इंजिनिअर. त्यांच्या काखेत एकशे चाळीस पानांचा नोंदणीकृत करारनामा आहे, आणि त्यात चार ठिकाणी पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या आहेत.

पहिली चिठ्ठी चटई क्षेत्राची, म्हणजे सगळे म्हणतात त्या कार्पेट एरियाची.

दृश्य : माहितीपुस्तिका. 995 आकड्यावर कॅमेरा थांबतो.

विक्रीच्या वेळी दिलेल्या या रंगीत पुस्तिकेत फ्लॅट 995 चौरस फुटांचा आहे. करारनाम्यात तोच फ्लॅट 60 चौरस मीटरचा होतो, म्हणजे साधारण 646 चौरस फूट. मधले साडेतीनशे फूट कुणी चोरलेले नाहीत. त्यात जिना आहे, लॉबी आहे, लिफ्ट आहे, बाहेरच्या भिंतींची जाडी आहे. पूर्वी हे सगळं मिसळून दर सांगायची पद्धत होती. 2016 च्या रेरा, म्हणजे बांधकाम व्यवसायाला नियम घालणाऱ्या कायद्याने चटई क्षेत्राची एकच व्याख्या ठरवली. घराच्या आतली वापराची जागा, त्यात आतल्या भिंतींनी व्यापलेली जागा धरायची. बाहेरच्या भिंती, पाइपांचे डक्ट, खाजगी बाल्कनी आणि उघडी गच्ची धरायची नाही. बाल्कनी करारात लिहिलेली असतेच, पण वेगळ्या ओळीत.

आता बेडरूम. नकाशावर 3.00 गुणिले 3.60 मीटर. टेपवर 2.96 आणि 3.56. प्रत्येक भिंतीपाशी जेमतेम दोन सेंटिमीटर गेले. डोळ्यांना कळतही नाही, पण एका खोलीत पाव चौरस मीटर उडतो. काही करारांत बारीक अक्षरांत एक ओळ असते, की मोजमाप प्लास्टर न केलेल्या भिंतींपासून धरलं आहे. सह्या करण्याआधी ती ओळ शोधायची, कारण असली तर हे सेंटिमीटर आपल्या खात्यातून गेले. या करारात ती नव्हती.

दृश्य : वहीवर बेरीज. पेन्सिलचं टोक मोडतं, दुसरी घेतात.

सगळ्या खोल्या, पॅसेज, आतल्या भिंती, दारांच्या उंबऱ्यांखालची जागा. बेरीज 59.10. म्हणजे 0.90 चौरस मीटर कमी.

बिल्डरच्या माणसाचं उत्तर ठरलेलं होतं, की तीन टक्क्यांपर्यंत फरक चालतो. हे इतक्या वेळा ऐकवलं जातं की लोक तीन टक्के माफ आहेत असंच समजतात. महाराष्ट्राच्या नमुना करारनाम्यातलं कलम उघडून वाचा. तीन टक्के ही फरक किती पडू शकतो त्याची मर्यादा आहे. मर्यादेच्या आत क्षेत्र कमी भरलं, तरी किंमत नव्याने काढायची आणि जादा घेतलेले पैसे 45 दिवसांत व्याजासह परत करायचे. क्षेत्र वाढलं तर बिल्डर तुमच्याकडून मागणारच, त्यात तो कधी विसरत नाही. या घराची किंमत 66 लाख, म्हणजे चटई क्षेत्राच्या चौरस मीटरला 1 लाख 10 हजार. 0.90 मीटरचे झाले 99 हजार रुपये.

आणि पूर्ण तीन टक्के म्हणजे किती? 1.80 चौरस मीटर.

दृश्य : संडास-बाथरूमचं दार. टेपने आडवं-उभं माप.

एवढं.

दृश्य : फोनची गॅलरी. एकाच रस्त्यावरून काढलेले इमारतीचे फोटो, एकामागून एक वाढत जाणारे.

दुसरी चिठ्ठी हप्त्यांची. हे फोटो बाईंनी दर रविवारी भाजी आणायला जाताना काढले आहेत, त्याच कोपऱ्यावरून, त्याच विजेच्या खांबाशेजारून. इतकी चांगली सामग्री आम्हाला आमच्या कॅमेऱ्याने मिळाली नसती.

नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. इथे ती मर्यादा 6 लाख 60 हजार. त्यानंतर नमुना करारात टप्प्यांच्या कमाल मर्यादा आहेत आणि त्या एकूण भरलेल्या पैशांच्या आहेत. करारानंतर 30 टक्क्यांपर्यंत, जोतं पूर्ण झाल्यावर 45, सगळे स्लॅब पूर्ण झाल्यावर 70. पुढे भिंती, प्लास्टर, फरशी, नळ, लिफ्ट असं करत 95. शेवटचे 5 टक्के इमारत वापरायला परवानगी देणारं भोगवटा प्रमाणपत्र आल्यावर, ताब्याच्या वेळी.

स्लॅबांच्या वाट्याला आलेले 25 टक्के बिल्डर स्लॅबागणिक वाटून घेतो. इथे अकरा स्लॅब, साडेसोळा लाख, म्हणजे एका स्लॅबला दीड लाख.

दृश्य : डिमांड लेटर आणि फोन शेजारी-शेजारी.

या पत्रावर तारीख आहे 10 जून 2022. मजकूर : सातवा स्लॅब पूर्ण झाला आहे, दीड लाख भरावेत. आणि हा फोटो, रविवार 19 जून. सहाव्या स्लॅबवर सळया उभ्या आहेत, सातव्याचं सेंटरिंग अर्धं लागलंय. काँक्रीटचा पत्ताच नाही.

नमुन्यात शब्द आहे 'पूर्ण झाल्यावर'. पुष्कळ करारांत त्याचं हळूच 'सुरू झाल्यावर' होतं आणि वाचणारा सरकून पुढे जातो. या करारात 'पूर्ण' होता, म्हणून बाईंना दोन ओळींचा मेल लिहिता आला : आर्किटेक्टचा दाखला पाठवा, सोबत फोटो जोडला आहे. त्या महिनाभर पैसे थांबले. बँकेलाही त्यांनी तेच कळवलं, कारण डिमांड लेटर पुढे गेलं की बँक रक्कम सोडते आणि व्याजाचं मीटर आपल्या नावावर सुरू होतं. उलट बाजूही सांगायला हवी. काम खरंच झालेलं असताना हप्ता थकवला, तर खरेदीदाराला बिल्डरला व्याज द्यावं लागतं, आणि तीनदा चुकवलं तर नोटीस देऊन करार रद्द करण्याची मुभा बिल्डरला आहे.

दृश्य : दुय्यम निबंधक कार्यालय. वेबकॅमसमोर खुर्ची. अंगठा. पुढचा नंबर.

फेब्रुवारी 2021 मध्ये हे दोघं या खुर्चीवर बसले होते. त्या दिवशी वाचायला वेळ नसतो, नुसती पानं उलटत सह्या होतात. म्हणून मसुदा आठवडाभर आधी मागून घ्यायचा. प्रकल्पाच्या करारनाम्याचा नमुना महारेरा, म्हणजे रेरा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर टाकलेला असतो, तो शेजारी ठेवून ओळ न् ओळ जुळवायची.

तिसरी चिठ्ठी एका ओळीची आहे, ताब्याची तारीख. इथे लिहिलंय 31 डिसेंबर 2023. दिवस, महिना, वर्ष. 'अंदाजे' नाही, 'जोत्यापासून 36 महिने' नाही. जोतं कधी झालं हे ठरवणार कोण? तारीख हलते ती युद्ध, नैसर्गिक आपत्ती किंवा सरकारी-न्यायालयीन आदेश अशा मोजक्या कारणांनी. मजूर मिळाले नाहीत, सिमेंट महागलं, ही कारणं त्या यादीत नाहीत.

दृश्य : फोटो पुन्हा. अकरा स्लॅब. पुढच्या सहा फोटोंत काहीच बदलत नाही. फक्त झाड वाढतं.

दृश्य : संगणकाचा पडदा, महारेराचं प्रकल्पाचं पान.

इथे मात्र वेगळी तारीख दिसते, 30 जून 2025. बिल्डरने प्रकल्पाची मुदत वाढवून घेतली. फोनवर बाईंना सांगण्यात आलं, की आता हीच अधिकृत तारीख, उशीर मोजायचा तो हिच्यापुढे. हे चूक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 6 डिसेंबर 2017 च्या निकालात हे स्पष्ट केलंय. प्रकल्पाची नोंदणी करताना नवी मुदत सांगितल्याने बिल्डर दंडापासून वाचेल, पण खरेदीदाराशी झालेला करार त्यामुळे नव्याने लिहिला जात नाही. उशीर मोजायचा तो करारातल्या तारखेपासून.

चौथी चिठ्ठी उशिराच्या भरपाईची. जुन्या करारांत चौरस फुटाला दरमहा पाच रुपये अशा ओळी असायच्या. या 995 फुटांना महिन्याचे पाच हजारसुद्धा झाले नसते. आता रेराचं कलम 18 आहे. घर नको असेल तर सगळे पैसे व्याजासह परत. घर हवं असेल तर ताबा मिळेपर्यंत प्रत्येक महिन्याचं व्याज. दर महाराष्ट्राच्या नियमांत ठरलेला : स्टेट बँकेचा सर्वांत जास्त एमसीएलआर, म्हणजे कर्जाचा आधारदर, आणि वर दोन टक्के.

दृश्य : वहीचं शेवटचं पान.

हिशोबाला सोपं म्हणून 11 टक्के धरू. डिसेंबर 2023 पर्यंत 70 टक्के भरले होते, 46 लाख 20 हजार. महिन्याचं व्याज 42 हजार 350. किल्ली मिळाली 30 जून 2025 ला, म्हणजे अठरा महिने. 7 लाख 62 हजार 300. नंतर भरलेल्या पैशांचं व्याज भरल्या तारखेपासून वेगळं.

त्या अठरा महिन्यांत भाडं आणि बँकेचा हप्ता दोन्ही चालू होतं.

दृश्य : जुन्या भाड्याच्या घराची खिडकी. मुलगी अभ्यास करते आहे. निवेदन नाही.

तक्रार महारेराकडे ऑनलाइन करता येते. आदेश होऊनही पैसे दिले नाहीत, तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसुली होते. त्याला वेळ लागतो, बराच.

दृश्य : ताबापत्र. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेलं.

किल्लीबरोबर सहीसाठी आलेला हा कागद. आधी बाईंनी भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मागून घेतली, कारण फर्निचरसाठी म्हणून हातात दिलेली किल्ली म्हणजे ताबा नव्हे. मग कागद वाचला. शेवटची छापील ओळ : 'क्षेत्रफळ व विलंबाबाबत आमची कोणतीही तक्रार नाही.'

बाईंनी पट्टी मागितली. ओळीवर सरळ रेघ मारली, बाजूला दोघांच्या सह्या केल्या आणि खाली पेनाने लिहिलं : विलंबाचं व्याज व कमी क्षेत्राची रक्कम मागण्याचा हक्क राखून ताबा घेत आहोत. तारीख घातली. फोनवर फोटो काढला.

मग पिशवीतून नारळ काढला.