'आधीच सांगून ठेवतो'

मंडळी, लग्नाची बोलणी चालू असताना किंवा नव्या ओळखीत, दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच 'आधीच सांगून ठेवतो, मला नाती टिकवता येत नाहीत' असे म्हणणारी माणसे समुपदेशनाच्या कामात मला भेटत असतात, आणि त्याहून अधिक भेटतात ती हे वाक्य ऐकून घरी गेलेली माणसे. हा प्रामाणिकपणा समजायचा, की 'छे, तुम्ही तसे नाही' हे आपल्याकडून वदवून घ्यायचे आहे, असे ती विचारतात.

ओळख पटू नये एवढा फरक करून एक प्रसंग सांगतो. देवगडकडचे आंब्याचे बागायतदार आणि मालवणातली एक शिक्षिका. घरच्यांची पसंती झाल्यावर दोघे कुणकेश्वरला भेटले. देवदर्शन झाले, खाली किनाऱ्यावर चालताना त्यांनी वरचे वाक्य उच्चारले, आणि तिने, आपल्यापैकी कोणीही म्हटले असते तसेच, 'असे काही नसते हो, तुम्ही किती मोकळेपणाने बोलता' असे उत्तर दिले. त्यांचा चेहरा खुलला. पुढच्या भेटीत मात्र तेच वाक्य पुन्हा आले, आणि त्याच्या पुढच्या भेटीतही.

आधी त्या वाक्याची घडण पाहू. त्यात कृती नाही, काळ नाही, दुसरे माणूस नाही; आहे तो स्वतःविषयीचा एक सरसकट निकाल. निकालाला ऐकणाऱ्याने दोनच उत्तरे द्यायची, मान्य किंवा अमान्य, आणि समोर बसलेल्या माणसाला 'हो, तुम्ही वाईटच दिसता' असे कोणी म्हणत नाही. म्हणजे बोलणाऱ्याच्या मनात काहीही असले तरी धीराचे शब्द त्याच्या पदरात पडतातच.

दुसरा लाभ अधिक सूक्ष्म आहे. 1978 साली बर्गलास आणि जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना न सुटणारी कोडी देऊन वर 'उत्तम यश मिळाले' असे सांगण्यात आले, आणि पुढच्या चाचणीपूर्वी दोन औषधांतून एक निवडायला लावले: एक बुद्धीला मदत करणारे, दुसरे अडथळा आणणारे. आपले यश कशामुळे आले हे ज्यांना उमगत नव्हते, त्यांच्यापैकी पुरुषांचा कल अडथळ्याच्या औषधाकडे झुकला. अपयश आले तर दोष औषधाचा, आपला नव्हे. आधीच दिलेला इशाराही असे औषध होऊ शकतो, कारण पुढे काही बिनसले की 'मी तर सांगितलेच होते' हे वाक्य तयार असते. हे सारे ठरवून होते असे मात्र मी म्हणणार नाही. बहुतेकांना आपण असे करतो याचा पत्ताही नसतो.

मग ओळखायचे कसे? पहिल्या वाक्यावरून नव्हे, आपल्या उत्तरानंतर काय होते त्यावरून. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स कॉइन यांनी 1976 साली नैराश्याच्या संदर्भात एक चक्र मांडले होते: धीर मागितला जातो, तो मिळतो, पण मागणाऱ्याला तो वरवरचा वाटतो, म्हणून तो पुन्हा मागतो, आणि देणारे हळूहळू थकून दूर होतात. आमच्या बागायतदारांचे वाक्य तीनदा आले, ते यामुळे. नैराश्य नसतानाही हे चक्र फिरू शकते.

मी त्या शिक्षिकेला एवढेच सुचवले की पुढच्या वेळी खोडूनही काढू नका आणि मान्यही करू नका; 'मागच्या वेळी नेमके काय झाले होते?' असे विचारा. ज्याला केवळ धीर हवा असतो तो इथे बहुधा विषय बदलतो किंवा 'माझा स्वभावच तसा' म्हणून निकालाकडेच परततो. त्यांना थोडा वेळ लागला, पण ते बोलले. भांडण झाले की ते घर सोडून बागेतल्या खोपीत राहायला जात आणि आठवडाभर फोन उचलत नसत. एप्रिल-मेमध्ये, पेट्या भरून वाशीला गाड्या पाठवण्याच्या धांदलीत, हे हमखास घडे. आधीचे ठरलेले लग्न त्यामुळेच मोडले होते.

आता हा इशारा झाला, कारण ऐकणारीला त्यावर काही ठरवता येत होते. लाजेपोटीही माणूस आधी मोघम बोलतो, तेव्हा मोघमपणाला लगेच लबाडी म्हणू नये. उलट, उत्तरात मारहाण किंवा धमकी निघाली तर तिथे धीर द्यायचा नाही, समजूत घालायची नाही. तो इशारा शब्दशः घ्यायचा आणि मागे फिरायचे.

त्या शिक्षिकेने अट घातली ती लहानशी: खोपीत जा, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन करा, भांडण मिटलेले नसले तरी चालेल. त्या हंगामात दोघांचे दोनदा भांडण झाले. एकदा फोन आला, एकदा आला नाही. लग्नाचे पुढच्या हंगामानंतर बघू, असे तिने दोन्ही घरांना कळवले आहे.