एकोणपन्नास रुपयांचा भाव

मंडळी, पत्रिकेत ‘भाव ठरवायच्या तीन पद्धती’ असं छापलंय. पण आधी मी कसा फसलो ते ऐका. अध्यक्ष घड्याळ बघायलेत, तरी सांगतो.

कृषी सेवा केंद्रवाले समोर बसलेत, त्यांना उधारी काय ते सांगायला नको. जूनमध्ये खत-बियाणं द्यायचं आणि सोयाबीन मोंढ्यात येईपर्यंत वाट बघायची. ही उधारीची वही मोबाइलवर आणून, तारखेला शेतकऱ्याला आठवण पाठवणारं ॲप आम्ही काढलं. महिन्याच्या वर्गणीवर.

पहिला भाव भजेवाल्यासारखा काढला, खर्च अधिक नफा. मेसेज-सर्व्हरचे दुकानामागं 30 रुपये. दुकानोदुकानी फिरणारी दोन पोरं, पगार 30,000. दुकानं 300 धरली, म्हणजे आणखी 100. त्यावर नफा 20, भाव 150. भज्यांना हे जमतं, बेसन घाण्यागणिक लागतं. आमचा पगार दुकानं कितीही असोत, तेवढाच. शंभरच दुकानं आली तर तोच खर्च 330 होतो. म्हणजे खर्च दुकानांवर, दुकानं भावावर, आणि भाव आम्ही खर्चावरून काढायलो!

तेवढ्यात मेहुणा म्हणाला, “आधी बाजार धरा. जिओनं 2016 ला फुकट नाही का वाटलं?” अहो, जिओच्या मागं रिलायन्स होती. माझ्यामागं मेहुणा. (हशा) तरी लावला भाव 49. दुकानं आली 220, पेढे वाटले. 49 मधून 30 गेले की उरतात 19. सगळे मिळून 4,180. आणि पगार 30,000.

वर्षानं भाव 199 केला. जिंतूरकडचे एक दुकानदार फोनवर म्हणाले, “सर, वर्षभर तुम्हीच म्हणालात ही वस्तू 49 ची. आता चौपट काहून मागायलात?” मला उत्तर सुचलं नाही. दोन महिन्यांत 70 दुकानं राहिली. मग नोंदी उघडून बघितल्या. गेलेल्यांपैकी बहुतेकांनी महिन्याला दहा नोंदीही केल्या नव्हत्या. स्वस्त होतं म्हणून घेतलेलं. हे मी भाव वाढवायच्या आधी बघायला हवं होतं.

चिठ्ठी आली. बरं, पाच मिनिटं.

तिसरी पद्धत, गिऱ्हाइकाच्या फायद्यावरून भाव. राहिलेल्यांतल्या एकाची उधारी 12 लाख. आठवणींमुळं वसुली सरासरी महिनाभर आधी झाली. बँकेचं व्याज वर्षाला 12 टक्के, म्हणजे त्याचे 12,000 वाचले. त्यातला चौथा हिस्सा मागितला, वर्षाला 3,000, महिन्याला 250. त्यानं घासाघीस केली नाही. पण ज्याची उधारी लाखभर, त्याचे हजारच वाचतात. तो 250 कशाला देईल? म्हणून आता उधारीच्या आकड्याप्रमाणं टप्पे केलेत. सत्तरही दुकानं 250 ची असती तरी 15,400 उरले असते, एका पोराचा पगार. दुसऱ्याला सोडावं लागलं.

पाऊस दगा देतो त्या साली आठवण पाठवून पैसा येत नाही, मग आमचा फायदा कुठला दाखवू? म्हणून वर्गणी दिवाळीनंतर घेतो, वसुली बघून. आणि खर्च बघतो तो एवढ्यासाठीच, 30 च्या खाली कुणालाच द्यायचं नाही. मेहुण्यालाही नाही.