हनुवटीखालची सावली मोबाईलवर उघडी पडते तेव्हा

आज एकाच फोटोबद्दल बोलतो, कारण माझी स्क्रीन कुठे कुठे फसवते ते मला त्याच एका फोटोने शिकवलं. ग्रुप फोटो होता, घरातला एक माणूस त्या दिवशी हजर नव्हता, त्याला दुसऱ्या फोटोतून कापून मागच्या रांगेत उभं करायचं होतं. ग्रुप पिवळ्या बल्बच्या उजेडात काढलेला आणि त्या माणसाचा फोटो खिडकीपाशी, सावलीतला, म्हणजे निळसर उजेडाचा. मी तासभर बसून चेहरा जुळवला, माझ्या मॉनिटरवर एकदम झकास दिसत होता, फाइल पाठवली. मग ती मोबाईलवर बघितली तर सगळेच जण कावीळ झाल्यासारखे पिवळे, आणि वर त्या एकट्याची हनुवटीखालची सावली राखाडी, चेहरा चिकटवलाय हे लगेच कळत होतं.

आता इथे दोन चुका आहेत आणि त्या वेगवेगळ्या आहेत, हे नीट लक्षात घ्या. सगळे एकसारखे पिवळे दिसले ती मॉनिटरची चूक. तो कंपनीतून आला तशाच सेटिंगवर होता, पांढरा रंग निळसर दाखवत होता. डोळ्याला थोड्या वेळात कुठल्याही पांढऱ्याची सवय होते म्हणून संशयच येत नाही, पण त्वचा जरा फिकी वाटते आणि आपण नकळत पिवळा वाढवत जातो. नुसतं डोळ्याने बघून हे सुटत नाही, स्क्रीनचे रंग मोजणारा कलरिमीटर लागतोच. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून तापू द्यायचा, नाइट लाइट आणि ऑटो ब्राइटनेस बंद करायचं, मग मीटर स्क्रीनवर लटकवायचा. स्क्रीनवरच बघायच्या कामासाठी मी ६५०० केल्विन, गॅमा २.२ आणि ब्राइटनेस साधारण १२० कँडेला ठेवतो, प्रिंटचं काम असेल तर ब्राइटनेस त्याहून कमी. सॉफ्टवेअर रंगांचे चौकोन दाखवतं, मीटर ते मोजतो आणि शेवटी त्या मॉनिटरचं प्रोफाइल तयार होतं. महिन्याभराने परत करायचं, कारण पॅनल हळूहळू बदलत राहतं.

पण दुसरी चूक, ती राखाडी सावली, मीटरने केलेल्या नुसत्या कॅलिब्रेशनने पकडली गेली नसती! माझ्या पाठीमागे खिडकी होती, तिचा उजेड स्क्रीनवर पडायचा आणि गडद भागात काय चाललंय ते त्या झगमगाटात बुडून जायचं, शेजारच्या माणसाची सावली आणि ह्याची सावली दोन्ही मला नुसत्या काळपट दिसत होत्या. फोटोतल्या ठिपक्याचा रंग आकड्यांत सांगणाऱ्या आयड्रॉपरने मोजल्यावर फरक कळला. शेजाऱ्याच्या सावलीत लाल ६०, हिरवा ४०, निळा ३०, आणि ह्याच्या सावलीत ४४, ४२, ४६. त्वचेत जवळपास नेहमी लाल सगळ्यात जास्त आणि निळा सगळ्यात कमी असतो, रंग गोरा असो की सावळा, आणि इथे तर निळाच वर चढलेला. सावळ्या त्वचेत हे जास्तच जपावं लागतं, कारण चेहऱ्याचा बराच भाग ह्याच गडद टप्प्यात येतो.

दुरुस्ती सोपी होती, फक्त त्याच्या लेयरला जोडलेला कर्व्ह्ज घेतला, गडद टोकाला लाल वर ओढला, निळा खाली, उजळ भागाला हात लावला नाही कारण गाल आधीच जुळले होते. आता मी टेबल फिरवलंय, आणि फाइल पाठवायच्या आधी सगळ्यात वर एक तात्पुरता कर्व्ह्ज लेयर टाकून सावल्या मुद्दाम भगभगीत उजळ करतो, मग दुसऱ्या लेयरने सॅच्युरेशन खूप चढवतो, जोड कच्चा असेल तर तिथेच ओरडून सांगतो. बघून झालं की दोन्ही लेयर डिलीट.

मग फाइल sRGB ह्या बहुतेक स्क्रीनना चालणाऱ्या रंगपट्ट्यात कन्व्हर्ट करून, प्रोफाइल आत ठेवूनच सेव्ह करायची, नाहीतर मोठ्या गॅमटच्या, म्हणजे जास्त भडक रंग दाखवू शकणाऱ्या स्क्रीनवर चेहरे लालबुंद दिसू शकतात. तीच फाइल मोबाईलवर अंधाऱ्या खोलीत फुल ब्राइटनेसला बघायची, उन्हात बघायची, एखाद्या साध्या लॅपटॉपवर स्क्रीन थोडी पुढेमागे कलती करून बघायची. ह्यातल्या प्रत्येक स्क्रीनसाठी रंग बदलत बसू नका, त्याला अंतच नाही. सगळा फोटो मिळून पिवळा किंवा निळा सरकला तर बहुतेक तो त्या स्क्रीनचा स्वभाव, सोडून द्या. पण शेजारी शेजारी उभ्या दोन माणसांमधला फरक वाढला, एकाची मान शेजाऱ्यापेक्षा वेगळी पडली, तर दोष फाइलमध्येच आहे, परत टेबलाशी बसून आयड्रॉपर लावायचा.