न वाचलेली पाने

(पत्रकारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

वार्ताहराने बातमीसोबत संपादकाला पाठवायची एक चिठ्ठी असते, आज मी फक्त तिच्याबद्दल बोलणार आहे. बातमीतला कोणता भाग यंत्राने काढलेल्या सारांशावर उभा आहे, हे त्या चिठ्ठीत सांगायचे असते. बहुतेक वेळा ती एका ओळीची येते : "अहवालाचा सारांश काढायला एआयची मदत घेतली आहे, सगळे तपासून पाहिले आहे." लिहिणाऱ्याच्या मनात खोट नसते, पण डेस्कवर बसलेल्या माणसाला या ओळीचा काहीच उपयोग होत नाही. सगळे म्हणजे काय? आणि तपासले ते कशाशी ताडून?

एक कल्पित बातमी घेऊ. पूल कोसळल्याच्या चौकशीचा २१४ पानी अहवाल दुपारी हाती आला आणि बातमी रात्री सोडायची आहे. वार्ताहराने समितीचे निष्कर्ष, म्हणजे पहिली ३८ पाने, स्वतः वाचली. शेवटच्या २५ पानांतल्या शिफारशीही वाचल्या. मधली दीडशे पाने साक्षींची होती. ती तीस-तीस पानांचे तुकडे करून यंत्राला दिली आणि आलेल्या सारांशावरून तीन परिच्छेद लिहिले. एवढ्या वेळात मीही असेच केले असते, त्यात लपवण्यासारखे काही नाही. आता ही चिठ्ठी कशी असावी ते ऐका.

"परिच्छेद १ ते ५ : निष्कर्ष, पाने १ ते ३८, स्वतः वाचून. परिच्छेद ६ आणि ७ : साक्षी, यंत्राचा सारांश, दोन्ही विधाने मूळ पान ७४ आणि ११२ वर ताडली. परिच्छेद ८ : फक्त सारांशावरून, मूळ पान सापडले नाही. परिच्छेद ९ ते ११ : शिफारशी, स्वतः वाचून. पाने ३९ ते १८९ पैकी साधारण १२ पाने मी वाचली आहेत, बाकीची नाहीत. अधिकाऱ्याला पाठवलेला दुसरा प्रश्न परिच्छेद ८ वरून काढला आहे."

ही चिठ्ठी लिहायला पाच मिनिटे लागतात. अट एकच, काम चालू असतानाच कच्च्या मजकुरात खुणा करत जायचे. रात्री अकराला आठवून लिहायला बसलात तर कोणते वाक्य कुठून आले ते तुम्हालाही सांगता येणार नाही.

आधी परिच्छेद आठ पाहू. त्यात लिहिले होते, कंत्राटदाराने धोक्याची लेखी सूचना तीनदा दिली होती. चिठ्ठीत "मूळ पान सापडले नाही" असे होते, म्हणून उपसंपादकाने परिच्छेद अडवला आणि दोघांनी मिळून पान शोधले. ते निघाले ९६. तिथले वाक्य असे : "तीनदा लेखी कळवले होते, असे कंत्राटदाराच्या वकिलांचे म्हणणे आहे; समितीसमोर मात्र एकच पत्र आले." सारांशाने वाक्याचा पूर्वार्ध उचलला आणि शेपूट तोडले. मराठीत हे फार घडते, कारण आपल्या वाक्यात "असे त्यांचे म्हणणे आहे" हे शेवटी येते. "असावा"चा "आहे" होतो, "केल्याचे सांगितले"चे "केले" होते. आरोपाचे तथ्य व्हायला एक क्रियापद पुरते, आणि वाचताना ते खटकतही नाही, कारण सारांशाची भाषा मूळ अहवालापेक्षा गुळगुळीत असते. सारांश वाचताना मी तरी पहिल्यांदा एवढेच विचारतो : हे कोण म्हणते आहे? उत्तर मिळाले नाही तर मूळ पान उघडतो.

पण नुकसान परिच्छेदापुरते नव्हते. त्याच विधानावरून अधिकाऱ्याला प्रश्न गेला होता : "तीन इशारे मिळूनही वाहतूक का थांबवली नाही?" अधिकारी उत्तर देईना, म्हणून बातमीत "उत्तर देण्याचे टाळले" असे वाक्य आले. तीनपैकी जे दोन इशारे समितीसमोर आलेच नाहीत त्यांबद्दलही एका माणसाला विचारले आणि त्याच्या गप्प राहण्याला टाळाटाळ म्हटले. म्हणून कोणता प्रश्न सारांशावरून निघाला हे चिठ्ठीत असलेच पाहिजे, असा माझा आग्रह आहे. परिच्छेद दुरुस्त करणे सोपे असते. चुकीचा प्रश्न गेला असेल तर दुसरा प्रश्न पाठवून पुन्हा वाट पाहावी लागते.

आता न वाचलेल्या पानांकडे येतो. "तपासले आहे" म्हणताना आपण सारांशातली वाक्ये मूळ मजकुराशी ताडलेली असतात. त्यातून सारांशात आलेले चूक की बरोबर एवढेच कळते. जे आलेच नाही ते या रीतीने कधीच सापडत नाही. या बातमीत पान १३१ वर एका कनिष्ठ अभियंत्याची साक्ष होती : कंप मोजणारे उपकरण कोसळण्याच्या आधीपासून बंद होते. दोन ओळींची साक्ष. तिच्या मागेपुढे लांबलचक उलटतपासणी, म्हणून त्या तुकड्याच्या सारांशात ती आलीच नाही. परिच्छेद सहा आणि सात शब्दन् शब्द खरे होते, तरीही साक्षींमधली सर्वांत मोठी गोष्ट बातमीबाहेर राहिली होती. "बाकीची पाने वाचलेली नाहीत" हे चिठ्ठीत दिसले म्हणून डेस्कने दोन माणसे बसवून ती वाटून वाचली.

ही भीती कल्पनेतली नाही. डिसेंबर २०२४मध्ये ॲपलच्या फोनवर बातम्यांच्या सूचनांचे यंत्राने सारांश केले आणि बीबीसीच्या नावाखाली एका खटल्यातल्या आरोपीने स्वतःवर गोळी झाडल्याचे दाखवले. तसे काही घडलेच नव्हते. बीबीसीने तक्रार केली आणि जानेवारी २०२५मध्ये ॲपलने बातम्यांसाठीची ती सोय स्थगित केली. तिथे मूळ मजकूर काही ओळींचा होता. आपण दीडशे पाने देतो. असोसिएटेड प्रेसने २०२३मध्येच आपल्या पत्रकारांना सांगितले होते की अशा यंत्राचा मजकूर न तपासलेला कच्चा स्रोत समजा. मला ही भूमिका पटते. ओळखीच्या नसलेल्या माणसाने फोनवर सांगितलेल्या माहितीला आपण जी वागणूक देतो तीच सारांशाला द्यावी.

दोन गोष्टी घाईने सांगतो. सारांशाची प्रत चिठ्ठीला जोडा, कारण तोच मजकूर पुन्हा दिला तर यंत्र तोच सारांश देईल असे नाही, आणि महिन्याभराने खुलासा मागणारे पत्र आले तर हातात काहीतरी असावे लागते. आणि अवतरणचिन्हांतले वाक्य सारांशातून कधीही घेऊ नका. ते मूळ पानावरून किंवा ध्वनिमुद्रण ऐकूनच घ्यायचे.

संपादकांशीही थोडे बोलायचे आहे. वार्ताहर "सगळे तपासले" असे लिहितो ते बहुधा संपादकांच्या भीतीने. "१२ पाने वाचली" असे लिहिणाऱ्याला तुम्ही एकदा चारचौघांत झापलेत, तर पुढच्या वेळी तो आकडा तुम्हाला दिसणार नाही. पाने मात्र तेवढीच न वाचलेली राहतील. अशी चिठ्ठी आली की मी आधी विचारतो, उरलेली पाने वाचायला किती माणसे हवीत, आणि बातमी उद्यावर गेली तर काय बिघडेल?

या बातमीचे पुढे काय होते तेही सांगतो. त्या रात्री ती परिच्छेद आठ आणि "टाळले" हे वाक्य गाळून गेली. अधिकाऱ्याला नवा प्रश्न पाठवला : "कंत्राटदाराचे एक पत्र समितीसमोर आले आहे, ते आपल्याला कधी मिळाले?" दुसऱ्या दिवशी त्याने तारीख कळवली. तिसऱ्या दिवशीच्या बातमीत ती तारीख होती आणि पान १३१ वरची साक्षही होती. सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते : "पाने ३९ ते १८९, तिघांनी मिळून पूर्ण वाचली."