गुडघा बिघडला की नोंद बिघडली?

नमस्कार. आज फोंड्यातल्या माझ्या क्लिनिकमधला एक केसपेपर दाखवतो. माणूस ओळखू येऊ नये म्हणून तपशील थोडे बदललेत. पावसात स्कूटर घसरली, उजव्या गुडघ्याची वाटी मोडली, ऑपरेशन झालं. हाड जुळलंय, जोर लावून तपासायला सर्जनची परवानगीही आहे.

सोमवारी मी लिहिलं: गुडघा 0 ते 100, क्वाड्रिसेप्स 4. म्हणजे गुडघा किती अंशांपासून किती अंशांपर्यंत हलतो ती रेंज, आणि मांडीच्या पुढच्या स्नायूच्या ताकदीचा 0 ते 5 मधला ग्रेड. गुरुवारी माझ्या सहकारी मॅडमनी लिहिलं: −15 ते 90, क्वाड्रिसेप्स 3. तीन दिवसांत पाय इतका बिघडला? नाही. मी उताणं झोपवून, पाय माझ्या हाताने हलवून मोजलं होतं, म्हणजे पॅसिव्ह. त्यांनी टेबलाच्या कडेवर बसवून रुग्णाला स्वतः हलवायला सांगितलं होतं, म्हणजे ॲक्टिव्ह. दोघांनीही ते लिहिलंच नाही!

त्यात ते −15. पंधरा अंश कमी पडले, की गुडघा पंधरा अंश मागे वाकला? वाचणारा दोन्ही अर्थ घेऊ शकतो. म्हणून मी आता उणे चिन्ह वापरत नाही, सरळ '15 ते 90' लिहितो. गुडघा मागे गेलाच तर तसं शब्दांत लिहायचं.

आता गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायचं दोन दांड्यांचं साधन. (गुडघ्याचा क्लोज-अप) मध्यबिंदू मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी, बाहेरच्या उंचवट्यावर. स्थिर दांडी खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्याकडे, हलणारी घोट्याच्या बाहेरच्या हाडाकडे. पँटवरून अंदाजाने ठेवू नका, ही हाडं बोटाने चाचपा.

ग्रेडचा घोळ इथूनच सुरू होतो. ग्रेड 3 म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पूर्ण उपलब्ध रेंज. बसलेल्या स्थितीतच मी हाताने पाय सरळ केला, तर तो 0 पर्यंत गेला. रुग्णाने स्वतः केला, तर 15 वर थांबला. हा लॅग, आमच्या पद्धतीत ग्रेड 3 उणे. पण माझ्या हातानेही 15 वरच अडला असता, तर उपलब्ध रेंज तेवढीच. मग ग्रेड 3 मिळालीच, पुढे जोर लावून 4 बघायचं. पॅसिव्ह आकडा नसेल तर हा फरक कळत नाही. आणि तो बसवूनच घ्यायचा, कारण मागची हॅमस्ट्रिंग आखडलेली असेल तर ताठ बसल्यावर गुडघा अडतो. थोडं मागे रेलू द्या.

मग माझा 4 आला कुठून? मी गुडघा अर्धा वाकवून जोर लावला होता. तिथे स्नायू घट्ट धरतो. कमजोरी शेवटच्या पंधरा अंशांत होती.

सुधारलेली नोंद अशी: "उजवा गुडघा. उताणे, पॅसिव्ह 0 ते 100. बसून, सरळ करताना पॅसिव्ह 0, ॲक्टिव्ह 15. क्वाड्रिसेप्स 3 उणे, बसून. वेदना नाही."

पुढच्या गुरुवारी ॲक्टिव्ह 12 आला. रुग्ण खूश. मी मात्र 'सुधारणा' लिहिलं नाही, कारण तोच हात आणि तीच पद्धत असली तरी पाचेक अंशांचा फरक मोजण्यातच पडू शकतो. आणखी दोन आठवड्यांनी ॲक्टिव्ह 4 अंश आला, तेव्हा लिहिलं.